छप्पर गळतंय हे कळायला तीन मिनिटं लागतात

प्रश्न: आमचं वाचनालय रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका खाडीकाठच्या गावात आहे, 1931 पासूनचं. छप्पर बदलायचंय, साडेसहा लाख उभे करायचेत. क्राउडफंडिंगच्या व्हिडिओसाठी पाच मिनिटांची स्क्रिप्ट लिहिली आहे, सोबत अंदाजपत्रकही देतोय. मुंबईचा पुतण्या म्हणतो, कंटाळवाणी आहे, ग्रंथपाल ताईंना रडताना दाखवा. ताई तयार नाहीत. (गेल्या जुलैत एका रात्री त्यांनी दहावीच्या दोन मुलांना घेऊन जुन्या मासिकांचे बांधीव खंड भिजण्यापासून वाचवले. पण ते स्क्रिप्टमध्ये घातलं नाही, समितीची नाचक्की होईल असं वाटलं.) काय बदलू?

उत्तर:

ताईंना रडवू नका, आणि तो कंस काढून टाका. तुमची गोष्ट त्या कंसात आहे.

तुमची स्क्रिप्ट मी घड्याळ लावून मोठ्यानं वाचली. पहिल्या मिनिटात गावाचा निसर्ग आणि स्थापनेची सभा. मग संस्थापकांची नावं, मग आजवरचे अध्यक्ष, मग कोण कोण पाहुणे येऊन गेले. मग पुस्तकांची संख्या, विभागवार. ‘गळती’ हा शब्द पहिल्यांदा येतो 2 मिनिटं 54 सेकंदांनी. तोपर्यंत मुंबई-पुण्यात बसलेला तुमचा गाववालाही पुढच्या व्हिडिओवर गेलेला असतो. तुम्ही लिहिलंय ते खोटं नाही, वाईटही नाही. फक्त ती शताब्दीच्या स्मरणिकेतली प्रस्तावना आहे. स्मरणिका वाचणारा आधीच तुमचा असतो. व्हिडिओ बघणाऱ्याला अजून ठरवायचं असतं.

पुतण्याला दुखणं बरोबर कळलंय, औषध चुकलंय. कंटाळा येतो तो रडणं नाही म्हणून नाही, काही घडत नाही म्हणून येतो. पाच मिनिटांत एकही माणूस काही करताना दिसत नाही. सगळी वाक्यं ‘स्थापना झाली’, ‘लाभ घेतला’, ‘योगदान लाभले’ अशी. कंसातल्या वाक्यात मात्र एक बाई आहे, दोन मुलं आहेत, रात्र आहे, पाऊस आहे, आणि पुढे काय झालं हे ऐकावंसं वाटतं.

आकडेवारीबद्दल एक गोष्ट सांगतो, कारण 14 हजार पुस्तकं आणि 90 वर्षं गाळायला तुमचा हात धजणार नाही. डेबोरा स्मॉल, जॉर्ज लोवेनस्टाईन आणि पॉल स्लोविक या तिघांनी 2007 मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. लोकांना एक प्रश्नावली भरल्याबद्दल पाच डॉलर दिले, आणि त्यातून आफ्रिकेतल्या उपासमारीसाठी हवं तर काही द्या म्हटलं. एका गटाला माली देशातल्या रोकिया नावाच्या सात वर्षांच्या मुलीची माहिती दिली, दुसऱ्याला लाखो भुकेल्यांची आकडेवारी, तिसऱ्याला दोन्ही. मुलीसाठी सरासरी 2.38 डॉलर आले, आकडेवारीला 1.14. दोन्ही एकत्र दिलं तेव्हा 1.43. म्हणजे गोष्टीला आकड्यांची जोड दिल्यावर दान वाढलं नाही, उलट उतरलं. हा प्रयोग अमेरिकेतला आणि मदत दूरच्या माणसांसाठीची, त्यामुळे तो जसाच्या तसा कोकणातल्या छपराला लागू होईल असं मी म्हणत नाही. पण मी जी काही आवाहनं लिहिली आणि नंतर त्यांचे प्रेक्षक कुठे गळाले ते पाहिलं, त्यात हीच जागा पुन्हा पुन्हा दिसली. गोष्ट रंगात आली आणि मध्येच निवेदकाचा आवाज आला, ‘आज जिल्ह्यात अशी इतकी वाचनालयं आहेत’. तिथेच आलेख खाली.

म्हणून तुमच्या व्हिडिओत आकडे दोनच प्रकारचे ठेवा: मागणीचे, आणि त्या रात्रीचे. 14 हजार पुस्तकं मोहिमेच्या पानावर लिहा. ज्याला वाचायचंय तो तिथे वाचेल.

आता नाचक्कीचं. तुमच्याच तिसऱ्या पानावर एक वाक्य आहे: ‘गेली सहा वर्षे तात्पुरती डागडुजी करण्यात आली.’ बघणारा पहिला हाच प्रश्न विचारणार आहे, तुम्ही सांगा किंवा सांगू नका: सहा वर्षं काय करत होतात? उत्तर मिळालं नाही तर तो ते मनानं भरतो, आणि मनानं भरलेलं उत्तर खऱ्यापेक्षा नेहमी वाईट असतं. ‘दरवर्षी ताडपत्री टाकली, दरवर्षी वाटलं पुढच्या वर्षी बघू’ हे सचिवानं स्वतः कॅमेऱ्यासमोर सांगितलं तर त्यात नाचक्की नाही. प्रत्येकाच्या घरात असं एक छप्पर असतं.

अंदाजपत्रकाकडे येऊ, कारण मागणी आधी ठरल्याशिवाय स्क्रिप्ट लिहिता येत नाही. लोक उलटं करतात: आधी भावना लिहितात आणि शेवटी आकडा चिकटवतात.

तुमचे साडेसहा लाख असे आहेत: छप्पर 4,20,000, लोखंडी कपाटं 90,000, बाहेरची रंगरंगोटी आणि प्रवेशाची कमान 80,000, सोहळा 60,000. स्क्रिप्ट मात्र पूर्ण वेळ फक्त छपराबद्दल बोलते. म्हणजे गळतं छप्पर दाखवून आपण कमान आणि सोहळाही मागतोय. तुमच्या मनात काही काळंबेरं नाही हे मला दिसतंय, अंदाजपत्रक एकच होतं म्हणून ते आलं तसं पुढे गेलं. पण ज्यानं छपरासाठी हजार रुपये दिले तो पुढच्या मे महिन्यात गावी येईल, कमानीकडे बघेल, आणि हिशोब करेल.

हा धडा मी स्वतः शिकलोय. बऱ्याच वर्षांपूर्वी एका वसतिगृहासाठी मी लिहिलं होतं: ‘तुमच्या 500 रुपयांत एका मुलाचं महिन्याचं जेवण.’ पैसे खरं तर स्वयंपाकघराच्या शेडसाठी हवे होते. जेवणाचा खर्च दुसरीकडून भागत होता. शेड म्हटलं तर कोण देणार, असं वाटून मी जेवण लिहिलं. एक निवृत्त शिक्षक सलग चार महिने 500 पाठवत राहिले आणि पाचव्या महिन्यात स्वतः तिथे गेले, ‘माझा मुलगा कोणता’ हे विचारायला. संस्थेच्या माणसांनी त्यांना शेड दाखवली. पैसा योग्य जागी लागला होता, एक रुपयाही इकडचा तिकडे नव्हता, आणि तरीही त्या गृहस्थांना फसवल्यासारखं वाटलं. बरोबरच होतं त्यांचं. वाक्य माझं होतं.

तेव्हा तुमची मागणी फक्त छपराची करा. कमान आणि सोहळा यातून काढा, गावाकडून वेगळे उभे करा. कपाटं बाजूला ठेवा, त्यांचा उपयोग पुढे आहे.

छप्पर 4,20,000. तुमच्याकडे ठेव आणि गावातली वर्गणी मिळून 1,10,000 आहेत, आणि ही गोष्ट तुमच्या स्क्रिप्टमध्ये कुठेच नाही! ती लपवून ठेवण्याचं कारण मला माहीत आहे, ‘आधीच आहेत म्हटलं तर लोक कमी देतील’. माझा अनुभव उलटा आहे. गावानं आधी आपला हात घातला आहे हे कळलं की बाहेरचा माणूस मोकळेपणानं देतो. उरले 3,10,000. आता ज्या मंचावर मोहीम टाकणार त्याचं शुल्क, पैसे वळते करण्याचा खर्च आणि शुल्कावरचा 18 टक्के जीएसटी हे सगळं वजा होऊन तुमच्या हातात काय येतं ते त्यांच्या दरपत्रकातून काढा. समजा शंभरातले पाच जातात. तर 3,10,000 ला 0.95 ने भागायचं: 3,26,316. वर गोळा करून 3,27,000. पुष्कळ जण 3,10,000 वर पाच टक्के चढवून 3,25,500 लिहितात आणि शेवटी पावणेआठशे रुपये कमी पडतात, कारण टक्के कापले जातात ते जमलेल्या रकमेवर.

साडेतीन लाख असा गोल आकडा करू नका. 3,27,000 हा आकडा ऐकताना कळतं की कुणीतरी बसून हिशोब केलाय.

दुसरी चूक मराठी आवाहनात ठरलेली असते. तुमच्या शेवटच्या परिच्छेदात आहे: ‘आपण सढळ हस्ते, यथाशक्ती, फूल ना फुलाची पाकळी देऊन या ज्ञानयज्ञात खारीचा वाटा उचलावा.’ एका वाक्यात चार वेळा मागितलंत आणि एकदाही सांगितलं नाहीत किती, कशासाठी, कधीपर्यंत. आपल्याला आकडा बोलायला लाज वाटते म्हणून आपण पाकळी पुढे करतो. पण ती लाज ऐकणाऱ्याच्या गळ्यात पडते: शंभर दिले तर कमी दिसतील का, पाच हजार फार होतील का, आणि या विचारात तो नंतर बघू म्हणून फोन खाली ठेवतो. पैसा फंडाचं बघा. अंताजी दामोदर काळे यांनी सुरू केलेल्या आणि टिळकांनी पाठिंबा दिलेल्या त्या फंडाचं मागणं नावातच होतं, एक पैसा. त्यातून तळेगावचा काच कारखाना 1908 मध्ये उभा राहिला. ‘यथाशक्ती फंड’ नाव असतं तर कुणाला किती द्यायचं तेच कळलं नसतं.

तुमच्या गावातल्या वर्गणीच्या यादीत बहुतेक जणांनी 500 ते 1000 दिलेत. म्हणून हजार हा आकडा बोला: हजार रुपये देणारी 327 माणसं. हे खरं गणित आहे, कुणालाही करून बघता येतं. तुमच्या पुतण्याला ‘एका कौलाचे पैसे द्या’ ही कल्पना सुचेल, बऱ्याच जणांना सुचते. ती वापरू नका. तुमचा खर्च मुख्यतः वासे, रिपा आणि मजुरीचा आहे. कौलाची किंमत सांगितली तर बाकीचा खर्च कुठून येतो हे सांगावं लागेल. चौरस फुटाचा हिशोब खरा ठरला असता, कारण छप्पर बरोबर हजार चौरस फूट आहे आणि त्यात सगळा खर्च येतो. पण भागाकार करून बघितलात का? फुटाला 420 रुपये. वर्गणी मागताना चारशेवीस हा आकडा तोंडातून न काढलेला बरा.

आता स्क्रिप्ट. अडीच मिनिटं. सावकाश, श्वास घेत बोललेलं मराठी मिनिटाला साधारण 110 ते 120 शब्द जातं, आणि तुम्हाला मध्ये आवाजाशिवाय पावसाची, कपाटांची दृश्यंही हवीत. म्हणजे बोललेले शब्द 240 च्या आत. निवेदक नको. दोनच माणसं बोलतील, ताई आणि तुम्ही.

ताईंचा भाग मी लिहून देणं चूक आहे, कारण लिहून दिलेलं वाक्य पाठ म्हणताना माणूस लगेच ओळखू येतो. त्यांना खुर्चीवर बसवू नका, त्या कपाटापाशी उभ्या करा आणि विचारा: ‘त्या रात्री तुम्हाला पहिल्यांदा कुणी सांगितलं? आधी कुठलं कपाट उघडलंत? का तेच?’ ‘तुम्हाला कसं वाटलं’ हे विचारू नका. कसं वाटलं विचारलं की माणूस भाषण करतो, काय केलं विचारलं की गोष्ट सांगतो. वीस मिनिटं बोलू द्या, त्यातली चाळीस सेकंद घ्या. तुमच्या पत्रावरून ते साधारण असं येईल. यातले तपशील माझे आहेत, ते खरे समजून वापरू नका:

‘सव्वानऊला लाइट गेली. थोड्या वेळानं मुलं धावत आली, ताई, मासिकांच्या कपाटावर धार लागलीय. मी किल्ल्या घेतल्या. वरच्या फळीतले अठरा खंड भिजले होते, खालचे वाचले. ते अठरा आम्ही बाकांवर उघडे करून ठेवले. पंखा चालत नव्हता. मग पुठ्ठ्यानं वारा घातला, बारापर्यंत.’

बस. यात ‘ज्ञान’ नाही, ‘वारसा’ नाही, आणि रडणंही नाही. पुठ्ठ्यानं वारा घालणारी तीन माणसं डोळ्यांसमोर आली की ऐकणारा स्वतःच ठरवतो की हे खंड मोलाचे आहेत. व्हिडिओची सुरुवात ताईंच्या अशाच बोलण्यानं करा. त्याआधी संस्थेचं बोधचिन्ह, सरस्वतीचं चित्र, ‘सादर करीत आहे’ यातलं काही नको.

मग तुम्ही, त्याच खोलीत, वर छपराकडे कॅमेरा जाऊन आल्यावर:

‘मी या वाचनालयाचा सचिव. सहा वर्षं आम्ही या छपरावर ताडपत्री टाकतोय. दरवर्षी वाटायचं, पुढच्या वर्षी बघू. त्या रात्रीनंतर सुताराला वर चढवलं. तो म्हणाला, वासे कुजलेत, आता डागडुजीनं भागायचं नाही.’

इथे सुतार स्वतः दोन वाक्यं बोलायला तयार असेल तर सोन्याहून पिवळं. कुजलेल्या वाशात त्यानं पटाशी खुपसली आणि ती सहज आत गेली, एवढं दृश्य तुमच्या दीड पानाच्या वर्णनाचं काम करेल. नंतर मागणी, तुमच्याच तोंडून, कॅमेऱ्यात बघून:

‘लाकूड, कौलं, मजुरी मिळून खर्च आहे चार लाख वीस हजार. एक लाख दहा हजार आमच्याकडे आहेत. उरलेल्यासाठी, पैसे गोळा करण्याचा खर्च धरून, आम्ही तुमच्याकडे तीन लाख सत्तावीस हजार मागतोय, 20 मार्चपर्यंत. हजार रुपये देणारी 327 माणसं मिळाली की हे होतं. कमी दिलेत तरी घेऊ, पावती प्रत्येकाला. सगळे नाही जमले, पण एक लाख सोळा हजार जमले, तर छपराचा पश्चिमेचा पाख करू. पाणी तिथूनच येतं. तेवढेही नाही जमले तर ज्याचे त्याला परत. जास्त जमले तर पुस्तकांना लोखंडी कपाटं, दुसरं काही नाही.’

हा तुकडा मोजून बघा, पाऊण मिनिटाच्या आसपास बसतो. तुमच्या जुन्या स्क्रिप्टमध्ये मागणीला अकरा सेकंद होती.

यातलं ‘नाही जमले तर’ हे वाक्य समिती गाळायला सांगेल. अपशकुन म्हणतील. गाळू नका. भारतातल्या बहुतेक देणगी-मंचांवर लक्ष्य पूर्ण झालं नाही तरी जमलेली रक्कम संस्थेला मिळते. किकस्टार्टरसारखी ‘सगळे जमले तरच पैसे वळते’ अशी अट तिथे नसते. त्यामुळे अर्धवट रक्कम हातात पडण्याची शक्यता खरी आहे, आणि ती पडल्यावर काय करायचं हे आधी ठरलेलं नसेल तर दोन वर्षं समितीत वाद आणि पैसे खात्यात पडून. एक लाख सोळा हजार कुठून आले ते सांगतो: अंदाजपत्रकात पश्चिमेच्या पाखाचा खर्च 2,20,000 आहे. तुमचे 1,10,000 वजा केले की 1,10,000 उरतात, आणि पाच टक्क्यांचा हिशोब करून 1,16,000. पण सुताराला विचारून घ्या की एक पाख उघडून दुसरा तसाच ठेवता येतो का. आढंच कुजलं असेल तर अर्धं काम होतच नाही, मग ते वाक्य बदलावं लागेल. ‘परत’ म्हणण्याआधी मंचाला विचारा की परत करताना शुल्क कोण सोसणार. समिती सोसणार असेल तरच तसं बोला, आणि तसा ठराव इतिवृत्तात लिहून घ्या.

20 मार्च ही तारीख मी हवेतून काढलेली नाही. तुमचा सुतार पाच आठवडे लागतील म्हणतो, लाकूड आणायला दोन धरा, म्हणजे काम मेच्या दुसऱ्या आठवड्यात संपतं आणि पावसाआधी उन्हाचे पंधरा-वीस दिवस हाताशी राहतात. व्हिडिओत हे कारण एका वाक्यात सांगितलंत तरी चालेल. ‘फक्त तीन दिवस उरले!’ अशा पाट्या नंतर टाकू नका. जी घाई खरी आहे ती पावसाची आहे, आणि कोकणातल्या माणसाला ती समजावून सांगावी लागत नाही.

चित्रणाबद्दल थोडंच. तुम्ही जानेवारीत शूटिंग करणार, पाऊस कुठून आणणार? पाइप लावून छपरावरून पाणी सोडायची कल्पना कुणीतरी मांडेलच. खोटा पाऊस ओळखू येतो, आणि ओळखू आला नाही तरी तो खोटाच आहे. त्या रात्रीचा एखादा मोबाईलवरचा व्हिडिओ मुलांकडे नक्की असेल, अंधारा, हलणारा, विजेरीच्या उजेडातला. तोच सुरुवातीला चार सेकंद घाला, खाली तारीख लिहा. तो वाईट दिसतो म्हणूनच त्यावर विश्वास बसतो. नसेलच तर ओघळांचे डाग पडलेली भिंत आणि कडा फुगलेले खंड जवळून दाखवा. ते आजही तिथेच आहेत. ताईंनी तसं पुन्हा करून दाखवलं तर ‘त्या रात्रीप्रमाणे करून दाखवलेले’ अशी पाटी हवी. मुलं अठराच्या आतली आहेत, तेव्हा त्यांच्या पालकांची लेखी परवानगी घ्या, आणि व्हिडिओ नातेवाइकांच्या ग्रुपवर फिरणार आहे हे त्यांना आधी सांगा. करुण बासरी नको. पावसाचा आणि पानं उलटण्याचा आवाज पुरतो.

मराठी अक्षरपट्टी मात्र हवीच. पुष्कळ लोक आवाज बंद ठेवून बघतात, आणि आकडे कानानं निसटतात, डोळ्यांनी राहतात. 3,27,000 आणि 20 मार्च हे दोन्ही पडद्यावर मोठ्या अक्षरात किमान पाच सेकंद राहू देत. तारखेसोबत वर्षही लिहा. व्हॉट्सअॅपवर व्हिडिओ मूळ पोस्टपासून सुटून एकटाच फिरतो, लिंक मागे राहते आणि दोन वर्षांनी कुणीतरी कळवळून पैसे पाठवायला निघतो. त्याच कारणानं व्हिडिओत क्यूआर कोड टाकू नका. फोनवर बघणाऱ्याला तो तसाही सहज स्कॅन करता येत नाही, आणि कुणी बदलून टाकला तर तुम्हाला पत्ताही लागणार नाही. मोहिमेच्या पानाचं नाव तेवढं लिहा.

दोन वाक्यं स्क्रिप्टमधून आजच काढा. पहिलं, ‘आपली देणगी पूर्णपणे करमुक्त’. तुमच्याकडे 80जी आहे, पण अशा देणगीची साधारणपणे निम्मी रक्कम करपात्र उत्पन्नातून वजा होते, तीही जुनी करप्रणाली निवडणाऱ्याला आणि मर्यादेच्या आत. ‘80जीची पावती मिळेल’ एवढंच म्हणा. दुसरं, ‘देशविदेशातील समस्त कोकणवासीयांनो’. परकीय देणगी घ्यायची तर एफसीआरए नोंदणी लागते, आणि तुमच्याकडे ती नाही. आखातात नोकरी करणारा, भारतीय पासपोर्ट असलेला तुमचा गाववाला स्वतःच्या कमाईतून बँकेमार्फत देऊ शकतो. ती परकीय देणगी धरली जात नाही. पण अमेरिकेचा नागरिक झालेला गाववाला, ओसीआय कार्ड असलं तरी, कायद्यानं परकीय ठरतो. त्याचे शंभर डॉलर तुम्हाला महागात पडतील. व्हिडिओत कायदा समजावत बसू नका. पानावर एक ओळ लिहा, ‘फक्त भारतीय नागरिकांकडून’, आणि मंचाकडे परदेशी कार्डं बंद करण्याची सोय असेल तर ती वापरा.

संस्थापकांची नावं गेली म्हणून ज्येष्ठ मंडळी रागावतील. त्यांच्यासाठी शेवटी तीन सेकंदांची एक पाटी ठेवा, ‘1931 पासून’. माझ्या मते तेवढं पुरे, पण तुमचं गाव तुम्हाला जास्त माहीत.

कच्चा व्हिडिओ झाला की समितीला दाखवण्याआधी तीन अशा माणसांना दाखवा ज्यांना यातलं काही ठाऊक नाही. तालुक्याच्या गावचा औषधवाला, एसटीत शेजारी बसलेला कुणी, कुणीही. एकदाच दाखवा आणि विचारा: किती पैसे हवेत, कशाला, कधीपर्यंत, कमी जमले तर काय होणार? ‘आवडला का’ विचारू नका, सगळे हो म्हणतात. तिघांपैकी दोघांना चारही उत्तरं देता आली नाहीत तर मागणीचा तुकडा पुन्हा लिहा, गोष्टीला हात लावू नका. उत्तरं आली, पण ताईंबद्दल कुणीच काही विचारलं नाही, तर उलट करा: मागणी ठेवा, ताईंकडे पुन्हा जा आणि वीस मिनिटांतली दुसरी चाळीस सेकंद शोधा.

आणि अपलोड करण्याआधी सुताराकडून दर लेखी घ्या, कधीपर्यंत तोच राहील या तारखेसह. तुम्ही पाठवलेल्या कागदावर तारीखच नाही. लाकडाचा भाव मार्चमध्ये चढला तर व्हिडिओतला प्रत्येक आकडा चुकेल, आणि तोपर्यंत तो चारशे फोनांत पोचलेला असेल.